मतदानानंतरचा नागरिक

निवडून आलेल्या प्रतिनिधीला मतदारानं पत्र लिहावं का? योझेफ शुंपेटर या अर्थतज्ज्ञाचं उत्तर होतं, शक्यतो नको. मत देऊन झालं की कारभार निवडून आलेल्यांचा. त्यांना मागच्या बाकावरून ‘इकडे वळा, तिकडे वळा’ सांगणं हे मतदाराचं काम नव्हे, आणि पत्रांचा किंवा तारांचा भडिमार हाही त्यातलाच प्रकार, असं त्यानं १९४२ सालच्या ‘कॅपिटॅलिझम, सोशॅलिझम अँड डेमॉक्रसी’ या पुस्तकात मांडलं. राज्यशास्त्राच्या वर्गात किमानवादी लोकशाहीची चर्चा या पुस्तकापासून सुरू होते. बहुतेक विद्यार्थ्यांना शुंपेटर पहिल्या वाचनात उद्धट वाटतो. तो थोडा होताही.

पण हे लिहिणारा माणूस कोण होता, हे लक्षात घ्यायला हवं. पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑस्ट्रियाचा तो १९१९ मध्ये काही महिने अर्थमंत्री होता. पुढे हार्वर्डमध्ये शिकवत असताना त्यानं युरोपातल्या एकेका लोकशाहीचा अंत दुरून पाहिला, आणि जर्मनीत तर मतपेटीनंच हिटलरच्या पक्षाला सर्वांत मोठा पक्ष केलं होतं. लोकांची म्हणून एक सामूहिक इच्छा असते, ती शहाणी असते आणि सरकार ती अमलात आणतं, या जुन्या कल्पनेवरचा त्याचा विश्वास उडाला. त्याचं निरीक्षण असं की, घर आणि धंदा सांभाळताना चोख हिशेब ठेवणारा माणूस राजकारणाचा विषय निघाला की सैल विचार करतो, कारण त्याच्या एका मतानं काही बदलणार नसतं आणि चुकलं तरी किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाही. म्हणून शुंपेटरनं व्याख्याच उलटी केली. धोरण लोक ठरवत नाहीत. धोरण कुणी ठरवायचं, एवढंच ते ठरवतात. सत्तेसाठी पुढाऱ्यांमध्ये स्पर्धा असते, मतदार त्यांतल्या एकाला निवडतो, आणि ही स्पर्धा खुली असेल तर ती लोकशाही.

या मताची जास्त धारदार बाजू अॅडम शेव्होर्स्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकानं १९९९ मध्ये मांडली. निवडणुकीतून चांगलं सरकार येईलच असं नाही, समताही येणार नाही, हे सगळं तो मान्य करतो. तरीही निवडणूक मोलाची, कारण तिच्यामुळे रक्त न सांडता सत्ताबदल होतो. हरलेला पक्ष गप्प घरी का जातो? एक तर पुढच्या वेळी आपण जिंकू शकतो, ही आशा असते. दुसरं म्हणजे मतमोजणीनं त्याला कळलेलं असतं की लढायची वेळ आली तर समोर किती माणसं उभी राहतील. मला या मांडणीतला रोखठोकपणा आवडतो. लोकशाहीकडून ती एकच गोष्ट मागते, आणि ती मिळाली की नाही हे कुणालाही तपासता येतं.

कॅरोल पेटमननं १९७० मध्ये ‘पार्टिसिपेशन अँड डेमॉक्रॅटिक थिअरी’ लिहिलं ते या मताविरुद्धच. तिचा मुद्दा ‘लोकांनाही विचारा’ एवढा भाबडा नव्हता. शुंपेटरला जो निष्काळजी, अडाणी मतदार दिसला तो जन्मतःच तसा नसतो, तो तसा घडवला जातो, असं तिचं म्हणणं. दिवसाचे आठ तास कारखान्यात हुकूम पाळणारा माणूस पाच वर्षांतून एकदा जबाबदार नागरिक कसा होईल? रूसो, जॉन स्टुअर्ट मिल आणि जी. डी. एच. कोल यांच्या लिखाणातून तिनं एक सूत्र वर काढलं : माणूस सहभाग घ्यायला शिकतो तो सहभाग घेऊनच. पुरावा म्हणून तिनं तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या कामगार-परिषदांकडे पाहिलं. तिथं निवडणुकीची खुली स्पर्धा नव्हती आणि पुढे तो देशच उरला नाही, त्यामुळे आज हा दाखला लंगडा वाटतो. सहभागवाद्यांना अधिक चांगला दाखला वीस वर्षांनी ब्राझीलमध्ये मिळाला.

दक्षिण ब्राझीलमधलं पोर्तु अलेग्री हे तेरा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. लष्करी राजवट संपल्यानंतर, १९८८ च्या निवडणुकीत तिथं वर्कर्स पार्टीचा ओलिव्हियो दुत्रा महापौर झाला आणि १९८९ पासून शहराचं अंदाजपत्रक वस्त्यांमधल्या सभांतून ठरवायचं असं या पक्षानं ठरवलं. सुरुवात फसल्यात जमा होती. पालिकेचं जवळजवळ सगळं उत्पन्न पगारातच जात होतं. लोकांनी मागितलेली कामं झाली नाहीत आणि पुढच्या सभांना माणसं रोडावली. मग मालमत्ता करात सुधारणा झाली, १९८८ च्या नव्या राज्यघटनेमुळे केंद्राकडून येणारा वाटाही वाढला, आणि गटारं, नळ, रस्ते खरोखर होऊ लागले तेव्हा माणसं परतली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्षाला हजारो लोक सभांना येत होते.

या सभांत नेमकं चालायचं काय? शहराचे सोळा विभाग पाडले होते. मार्च-एप्रिलच्या सुमारास प्रत्येक विभागाची खुली सभा भरे. आधी पालिका गेल्या वर्षीच्या कामांचा हिशेब देई आणि महापौर लोकांचे बोल ऐकून घेई. किती लोक हजर आहेत त्या प्रमाणात त्या सभेला प्रतिनिधी मिळत, म्हणजे आपल्या गल्लीतली माणसं जमवून आणण्यात थेट फायदा होता. पुढचे काही महिने हे प्रतिनिधी गल्लोगल्ली बसून फरसबंदी, सांडपाणी, घरं, शाळा अशा विषयांचा पसंतीक्रम लावत. शेवटी चव्वेचाळीस जणांची अंदाजपत्रक परिषद बसे. त्यांत दर विभागाचे दोन, वाहतूक किंवा आरोग्यासारख्या पाच विषयसभांचे दोन-दोन, आणि पालिका कर्मचाऱ्यांच्या व वस्तीसंघटनांच्या संघाचा एकेक सदस्य असे. मुदत एका वर्षाची, पुन्हा निवडून येण्याची मुभा एकदाच.

पैशांची वाटणी ओरडणाऱ्याच्या आवाजावर होऊ नये म्हणून गुणांची पद्धत होती. तीन गोष्टी पाहत : त्या सोयीची उणीव किती, विभागानं तिला कितवा क्रम दिला, आणि लोकसंख्या किती. प्रत्येकीला एक ते चार गुण, आणि कशाला किती वजन द्यायचं हे परिषद ठरवी. समजा उणिवेचं वजन चार, पसंतीचं पाच, लोकसंख्येचं दोन आहे. टेकडीवरच्या एका छोट्या झोपडवस्तीच्या विभागाला फरसबंदीत लोकसंख्येचा एक, उणिवेचे चार आणि पसंतीचे चार गुण मिळाले, तर बेरीज अडतीस. शहराच्या मधल्या, दाट विभागाला लोकसंख्येचे चार, उणिवेचा एक, पसंतीचे दोन, तर बेरीज बावीस. या दोघांत सहा किलोमीटर रस्ते वाटायचे असतील तर टेकडीला ३.८ आणि मध्यवस्तीला २.२ किलोमीटर. आकडे माझे, रीत त्यांची. हा हिशेब वस्तीतल्या बाईला स्वतः करून पाहता येई आणि नगरसेवकाच्या मेहेरबानीची गरज उरत नसे. यात मूळ राजकारण वजनांचं आहे, हे मात्र विसरायचं नाही. लोकसंख्येचं वजन वाढवलं की पैसा मध्यवस्तीकडे वळतो, आणि त्या वजनांवरून परिषदेत वाद होत.

पेटमनचं म्हणणं इथं बऱ्याच अंशी खरं ठरलं. सभांना येणाऱ्यांत गरीब आणि कमी शिकलेल्यांचं प्रमाण शहरातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त होतं, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं. शुंपेटरच्या अंदाजाच्या हे अगदी उलट. पण भिंगातून पाहिलं की बारीक डागही दिसतात. सभेत बायका भरपूर, परिषदेत वर जावं तशा कमी. चर्चेला असे तो नव्या कामांचा, म्हणजे एकूण अंदाजपत्रकातला लहानसा भाग, आणि पगाराला हात लागत नव्हता. शिवाय हे सगळं महापौराच्या इच्छेवर उभं होतं. कायद्यानं अंदाजपत्रक मंजूर करायचा अधिकार निवडून आलेल्या नगरसभेचा होता आणि परिषदेला कायद्यात स्थान नव्हतं. लवचीकता राहावी म्हणून ते मुद्दामच दिलं नव्हतं.

ही लवचीकता महागात पडली. २००४ च्या निवडणुकीत सोळा वर्षांनंतर वर्कर्स पार्टी हरली. नवा महापौर जोझे फोगासा यानं सहभागी अंदाजपत्रक चालू ठेवण्याचं वचन दिलं होतं. नाव राहिलं, सभाही राहिल्या, पण त्यांत ठरलेल्या कामांचं वजन घटत गेलं. २०१७ मध्ये तर ही प्रक्रियाच स्थगित झाली. शेव्होर्स्कीच्या मोजपट्टीवर या शहराचं काहीच बिघडलं नव्हतं. मतदान झालं, सत्ता शांतपणे बदलली, हरलेले घरी गेले. त्याची मोजपट्टी टेकडीवरच्या वस्तीचं नुकसान मोजतच नाही. उलट, पेटमनला मानणाऱ्याला कबूल करावं लागतं की सोळा वर्षं सहभागाचं शिक्षण झाल्यावरही बहुसंख्य मतदारांनी पक्ष बदलला आणि नवी संस्था वाचवायला पुरेशी माणसं उभी राहिली नाहीत. दर वर्षी सभांना येणारे हजारो, मतदार लाखो. हा फरक सहभागवादी सिद्धान्त अजून नीट पचवू शकलेला नाही.

पुण्यात हाच प्रयोग वेगळ्या वळणानं आला. महापालिकेनं २००६ च्या सुमारास सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. नागरिकानं अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं : पदपथ, दिवे, बाकं, स्वच्छतागृह. सूचनांची छाननी मात्र प्रशासन करतं. शेजाऱ्यानं काय मागितलं, आपलं काम का वगळलं आणि दोन मागण्यांत प्राधान्य कसं ठरलं, हे समोरासमोर बसून ठरवण्याची जागाच नाही. पोर्तु अलेग्रीच्या सभेतून नागरिक घडत होता, असं म्हणता येतं. पुण्याच्या अर्जातून फार तर मागणी नोंदवली जाते.

यात आणखी एक विचित्र गोष्ट घडली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्यानं पुढची निवडणूक जानेवारी २०२६ पर्यंत झाली नाही. जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळातही नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवल्या जात होत्या. शुंपेटरच्या व्याख्येनं पाहिलं तर त्या चार वर्षांत पुण्यात स्थानिक लोकशाही नव्हतीच, कारण हाकलून देता येईल असा कुणी नव्हता. आणि पेटमनच्या व्याख्येनंही नव्हती, कारण अर्ज देणाऱ्याच्या हाती निर्णय नव्हता. आता नगरसेवक परत आले आहेत. परीक्षेत दोन सिद्धान्तांची तुलना लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं पुस्तकं बाजूला ठेवून आपल्या प्रभागातली सुचवलेली कामं आणि झालेली कामं समोरासमोर मांडून पाहावीत. न झालेल्या प्रत्येक कामापुढे लिहावं की याचा जाब निवडणुकीत मागता येईल की सभेतच मागावा लागेल. पाच लाखांच्या पदपथासाठी कुणी सरकार बदलत नाही.