अर्धं वाक्य कुठे गेलं?

फोनला सांगायचं आहे, ‘उद्या सकाळी पुण्याचं तिकीट काढायची आठवण कर.’ बोलणारा तोतरा आहे. ‘सकाळी’पर्यंत वाक्य सुरळीत आलं आणि ‘पुण्या’तला ‘प’ मिटलेल्या ओठांमागेच अडकला. दोन सेकंद आवाज नाही. फोनने ‘उद्या सकाळी’ एवढंच ऐकून ऐकणं थांबवलं.

यात शब्द ओळखण्यात काहीच चुकलेलं नाही. माणसाचं बोलणं कधी संपलं हे ठरवणारा एक वेगळा भाग या यंत्रणेत असतो आणि तो मुख्यतः शांततेवरून अंदाज बांधतो. अस्खलित बोलणाऱ्यांच्या सवयीवर बेतलेला असल्याने अडखळण्यातली शांतता त्याला वाक्याचा शेवट वाटते. पुढे ‘प-प-पुण्याचं’ असं आलं, की दुसरी अडचण. यंत्र ऐकलेल्या आवाजांतून ओळखीचे शब्द जुळवू पाहतं, त्यामुळे तिथे भलतेच ‘पप्पा’ हजर होऊ शकतात.

ॲपलच्या संशोधकांनी २०२३ साली तोतरेपणा असलेल्या ९१ जणांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून हे तपासलं. थांबण्याची मर्यादा वाढवणं आणि पुनरुक्ती गाळणं अशा सुधारणांनी वाक्य मध्येच तुटण्याचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घटलं, तर शब्दांच्या चुका २५.४ वरून ९.९ टक्क्यांवर आल्या. यासाठी अख्खी यंत्रणा नव्याने घडवावी लागली नाही. मग इतकी वर्षं हे का झालं नाही, असा प्रश्न पडतोच.

पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी किंवा कंपवातामुळे जड झालेल्या बोलण्याचं दुखणं मात्र निराळं. जीभ टाळूपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे ‘त’, ‘ट’, ‘द’ एकमेकांत मिसळतात आणि स्वरही एकसारखे होतात. इथे कितीही वेळ दिला तरी मूळ आवाजच वेगळा आहे. त्यावर उपाय म्हणजे त्या एका माणसाची अनेक वाक्यं ध्वनिमुद्रित करून यंत्राला त्याचा आवाज शिकवणं. गूगलचं ‘प्रोजेक्ट रिलेट’ याच पद्धतीवर बेतलेलं; त्यात सुरुवातीला पाचशे वाक्यं बोलावी लागत. ज्याला दहा वाक्यांत धाप लागते, त्याच्याकडून पाचशे मागायची! शिवाय आजार वाढत गेला, की आवाज पुन्हा बदलतो आणि शिकवणी पुन्हा करावी लागते. ठरावीक कामांपुरतं हवं असेल, तर आयफोनच्या ‘व्होकल शॉर्टकट्स’मध्ये आपल्याला जमेल तो उच्चार काही वेळा नोंदवून त्याला एखादं काम जोडता येतं.

कोणता उपाय करायचा, हे पडद्यावर उमटलेल्या मजकुरावरून बरंचसं कळतं. सुरुवात बरोबर आणि पुढचं गायब असेल, तर सिरीच्या ‘पॉज टाइम’मध्ये सर्वांत मोठा पर्याय निवडावा, किंवा बोलून होईपर्यंत बाजूचं बटण दाबून धरावं. वाक्य पूर्ण उमटलं आणि शब्द मात्र भलतेच असतील, तर शिकवणीचा उपाय करून पाहावा.