हाडं कुणाची, हे हत्तींना कळतं का?

केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात सिंथिया मॉस 1972 पासून हत्तींचा अभ्यास करत आहेत. हत्तीचं वय दाढांच्या झिजेवरून ठरवता येतं, म्हणून मेलेल्या हत्तींचे जबडे त्या तळावर आणून ठेवत. एकदा एका हत्तिणीचा जबडा असाच तळावर आणला होता. काही आठवड्यांनी तिचंच कुटुंब तिथून चाललं होतं. ते वाट वाकडी करून जबड्याशी आलं. सगळ्यांनी तो हुंगला आणि ते पुढे निघून गेले. मागे राहिला तो तिचा सात वर्षांचा मुलगा. सोंडेने, पायाने तो जबडा पुन्हा पुन्हा चाचपत राहिला.

आईला त्याने ओळखलं, असं कुणालाही वाटेल. पण एका प्रसंगावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून मॉस यांनी केट मॅककॉम आणि लुसी बेकर यांच्यासह अंबोसेलीतच प्रयोग केले. ते 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

आधी कळपांच्या वाटेवर हस्तिदंत, हत्तीची कवटी आणि लाकडाचा तुकडा ठेवला. हत्ती सर्वाधिक रेंगाळले ते हस्तिदंतापाशी. नंतर हत्तीच्या कवटीशेजारी गेंड्याची आणि रानरेड्याची कवटी ठेवली, तेव्हा त्यांनी हत्तीचीच निवडली. म्हणजे आपल्या जातीचं हाड त्यांना नक्की कळतं. शेवटची परीक्षा अवघड होती. तीन मृत म्होरक्या हत्तिणींच्या कवट्या त्यांच्या कुटुंबांपुढे मांडल्या, त्यातली एक त्या त्या कुटुंबाची स्वतःची. हत्तींनी आपल्या म्होरकीच्या कवटीला वेगळी वागणूक दिल्याचं दिसलं नाही.

या निकालाने त्या मुलाची गोष्ट खोटी ठरत नाही. एक तर परीक्षेला बसलेली कुटुंबं थोडी होती. शिवाय ऊन-पावसात वर्षानुवर्षं पडलेल्या कवटीला हत्तिणीचा स्वतःचा वास कितपत उरणार? हत्तीचं जग मुख्यतः वासाचं असतं. वास ओळखणारी जनुकं आफ्रिकी हत्तीत सुमारे दोन हजार आहेत, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त. ताजा जबडा आणि जुनी कवटी त्याच्या सोंडेला सारखी वाटणारच नाहीत.

हस्तिदंताची ओढ मला यात सर्वांत बोलकी वाटते. मेल्यावर कातडी जाते, मांस जातं, चेहरा राहत नाही. सुळा मात्र फारसा बदलत नाही. जिवंतपणी हत्ती एकमेकांच्या तोंडाला, सुळ्यांना सोंडेने सतत स्पर्श करतात. मेलेल्याच्या अंगावर तोच ओळखीचा भाग शिल्लक असतो, आणि सोंड बहुधा त्यामुळेच तिथे थांबत असावी. संशोधकांनीही हीच शक्यता मांडली आहे.

याला शोक म्हणावं का, हे या प्रयोगांनी ठरत नाही. हत्ती किती वेळ आणि कशापाशी थांबले एवढंच त्यांनी मोजलं. पण हत्ती आपापल्या ठरलेल्या मुलुखात फिरतात आणि त्यांचे आप्तही बहुतेक तिथेच मरतात. त्यामुळे वाटेत भेटलेलं प्रत्येक हाड ते असं तपासत असतील, तर त्यातली काही त्यांच्या घरच्यांची असणारच.