‘रेंज नव्हती’ एवढंच नको. मग काय केलं तेही लिहा

समजा, कोळवणची (ता. मुळशी) विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिते, ‘रेंज नव्हती, म्हणून मागे पडले.’ यातून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. आता हे वाचा: ‘२०२०मध्ये आठवीत होते. भावंडं दोन, फोन एकच, तोही दिवसा बाबांसोबत कामावर. रात्री गणिताचे व्हिडिओ डाउनलोड करायचे, दिवसा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ बघायचे. भूमिती कच्ची राहिली. नववीच्या सुट्टीत पुन्हा केली.’

अडचण दोन वाक्यांत आटोपली, बाकी जागा कृतीला मिळाली. ‘टिलीमिली’ पहिली ते आठवीसाठीच होती. असा पडताळता येणारा तपशील असला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. कच्चा विषयही लपवू नका, गुणपत्रिकेत तो दिसतोच. रेंजसाठी टेकडी चढल्याची गोष्ट मात्र खरी असेल तरच घाला. मुलाखतीत नेमकं त्यावरच विचारतील.