499 रुपयांत गाडीचं नेमकं काय बघतात?

मे अर्धा सरला की गॅरेजांच्या दारात फलक लागतात आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर पत्रकं फिरू लागतात: ‘मान्सूनपूर्व वाहन तपासणी शिबिर. ब्रेक, वायपर, टायर. फक्त 499 रुपये.’ रक्कम कुठे 299 असते, कुठे 999. मुंबईत पाऊस सरासरीनं 11 जूनला पोहोचतो आणि तळकोकणात त्याच्या काही दिवस आधी. त्यामुळे गाडीवाल्याच्या हातात तीन-चार आठवडे असतात, आणि या पत्रकावरच्या चार ओळी वाचून त्याला ठरवायचं असतं की गाडी कुठे न्यायची.

या ठरावीक रकमेत येते ती तपासणी, दुरुस्ती नव्हे. पॅड बदलायचे, वायपरची पाती घालायची, टायर घ्यायचा, तर त्याचे पैसे वेगळे. त्यात गैर काही नाही. मात्र ‘तपासणी’ या शब्दात काय मोडतं, हे बहुतेक पत्रकांत लिहिलेलं नसतं. पाच मिनिटांत गाडीभोवती एक फेरी मारली तरी ती तपासणी, आणि चारही चाकं उतरवून पाऊण तास मोजमाप केलं तरी तीही तपासणीच. दोन्हींचा भाव एकच असेल, तर गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न विचारावा: चाक काढणार का?

ब्रेकसाठी हा प्रश्न कळीचा आहे. मोटारीच्या पुढच्या चाकात डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. चाकाच्या जाळीतून टॉर्च मारला तर दिसतो तो बाहेरचा. आतला पॅड नीट बघायचा तर चाक उतरवावं लागतं. बहुतेक मोटारींत कॅलिपर दोन पिनांवर सरकत असतो. या पिना धुळीनं, गंजानं अडकल्या की दाब सारखा विभागला जात नाही आणि बहुधा आतला पॅड आधी झिजतो. बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर अस्तर शिल्लक आणि आतल्यावर जेमतेम दोन, असं सापडू शकतं. नव्या पॅडचं अस्तर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतं आणि तीनच्या आसपास आलं की ते बदलायला सांगतात. म्हणजे टॉर्चवाल्याच्या अहवालात ही गाडी पास आणि पाना घेतलेल्याच्या अहवालात नापास.

अशा वेळी नुसते पॅड बदलून भागत नाही. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, शिवाय अडकलेल्या पिना काढून, साफ करून त्यांना ब्रेकचं खास ग्रीस लावायचं. हे राहिलं तर नवा पॅडही तसाच तिरका किंवा लवकर झिजतो आणि पुन्हा तोच खर्च येतो. मागच्या चाकांना ड्रम असेल तर आतले शू बघायला ड्रम उतरवावा लागतो किंवा मागच्या पत्र्याला तपासणीचं भोक असेल तर त्यातून बघावं लागतं.

ब्रेक ऑइलकडे मात्र बऱ्याच शिबिरांत डबीतली पातळी बघण्यापलीकडे कुणी वळत नाही. हे तेल हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतं. डॉट 4 दर्जाचं कोरडं तेल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ताम्हिणीसारख्या घाटात कोकणाकडे उतरताना चालक ब्रेकवर पाय ठेवूनच राहिला तर ब्रेक प्रचंड तापतात. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं आणि खाली खाली जाऊ लागतं. पेनाएवढ्या टेस्टरनं तेलातल्या पाण्याचा अंदाज अर्ध्या मिनिटात कळतो. अनेक कंपन्या हे तेल दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

टायरच्या बाबतीत फसवणूक होते ती नजरेची. उभ्यानं दिसते ती बाहेरची कड, आणि अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर बहुधा आतल्या कडेनं झिजतो. म्हणून खाचेची खोली तीन ठिकाणी मोजायची: आत, मध्ये, बाहेर. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते आहे. एकच कड गेली असेल तर बहुधा अलाइनमेंटचं काम आहे, आणि ते न करता नवा टायर घातला तर तोही तसाच झिजणार.

भारतात मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर असावी असा नियम आहे, दुचाकीला 0.8. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की मर्यादा संपली. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायचं काम याच खाचा करतात, त्यामुळे पकड मर्यादा गाठण्याआधीच कमी होऊ लागते. तीन मिलिमीटरला टायर बदला असा सल्ला जाणकार देतात तो यासाठीच. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांकही बघावा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीसुद्धा वयानं म्हातारी होते, आणि शिबिरात तिची आठवण क्वचितच निघते.

वायपर कोरड्या काचेवर फिरवून काही कळत नाही. आधी काच धुवून तिच्यावरचा तेलकट थर काढायचा, मग पाणी मारून वायपर चालवायचा. बारीक रेघा राहिल्या तर रबराला चीर गेली आहे किंवा कचरा अडकला आहे. वायपर थरथरत, उड्या मारत फिरला तर उन्हानं रबर कडक झालं आहे किंवा दांडी वाकली आहे. एखादा पट्टा पुसलाच जात नसेल तर दांडीचा दाब कमी आहे, आणि तिथे नवं पातं घालूनही तो पट्टा तसाच राहील.

मग पत्रक कसं असावं? साधारण असं: ‘चारही चाकं काढून पॅड आणि शूची जाडी मोजू. ब्रेक ऑइलमधलं पाणी टेस्टरनं तपासू. स्टेपनीसह पाच टायरांची खोली तीन ठिकाणी मोजून लिहून देऊ. वायपर ओल्या काचेवर चालवून दाखवू. वेळ पाऊण ते एक तास. 499 रुपये, जीएसटीसह. सुटे भाग आणि दुरुस्ती वेगळी, तुम्ही होकार दिल्यावरच.’ जीएसटीचा उल्लेख नसेल तर 18 टक्के धरून 499 चे 589 होऊ शकतात. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी ठरते, तेव्हा ‘फक्त’ या शब्दामागे काय वगळलं आहे ते लिहिणं गॅरेजवाल्याच्याही हिताचं आहे.

गिऱ्हाइकानं निघताना आकड्यांचा कागद मागावा. ‘ब्रेक ठीक’ एवढ्यानं काही कळत नाही, पण ‘पुढे डावीकडे आतला 2, बाहेरचा 6’ हे वाचून दुसऱ्या गॅरेजमध्येही दर विचारता येतो. काम तिथेच करून घेतलं तर काढलेले जुने पॅड बघायला मागावेत आणि आतला-बाहेरचा शेजारी ठेवून जाडी ताडून घ्यावी. शिबिर मेमध्येच गाठलं तर पिना साफ करायला, टायर मागवायला आणि दुसरा दर काढायला वेळ उरतो. पहिल्या सरीनंतर गॅरेजमध्ये रांग लागते आणि नेमक्या मापाची पाती मिळायला थांबावं लागतं.