पिन कोडनुसार टपालाचे वर्गीकरण

पिन कोडनुसार टपालाचे वर्गीकरण म्हणजे पत्त्यातील सहा अंकी क्रमांकाचा डावीकडून एकेक अंक वाचून पत्रे टप्प्याटप्प्याने वेगळी करण्याची पद्धत होय. भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला.

समजा, मालवण (४१६६०६), कणकवली (४१६६०२), सांगली (४१६४१६), पणजी (४०३००१) आणि नवी दिल्ली (११०००१) येथे जाणारी पत्रे एकत्र आली आहेत. पहिल्या अंकावर दिल्लीचे पत्र वेगळे होते, दुसऱ्यावर पणजीचे. तिसऱ्या अंकानंतरही उरलेली तिन्ही पत्रे एकाच कप्प्यात राहतात; कारण घाटावरील सांगली आणि किनाऱ्याकडील सिंधुदुर्ग या दोहोंच्या क्रमांकांचा आरंभ ४१६ ने होतो. चौथ्या अंकावर सांगली सुटते. मालवण व कणकवली मात्र थेट सहाव्या अंकावर वेगळी होतात.

सहा अंकांपासून दहा लाख क्रमांक बनू शकतात, तरी प्रत्येक टप्प्यात दहाच कप्पे पुरतात. अंकाचे स्थान जितके डावीकडे, तितकी त्यातील चूक महाग पडते: मालवणच्या पत्रावर शेवटी ६ ऐवजी २ लिहिल्यास ते कणकवलीस पोहोचते, पण पहिला अंक चुकल्यास दुसऱ्याच टपाल विभागाकडे जाते. संगणकशास्त्रात या पद्धतीस ‘रेडिक्स सॉर्ट’ म्हणतात.