बर्फाच्या मुठीतला दगड

उत्तरकाशीहून गंगोत्रीला निघालेली गाडी बराच वेळ एका अरुंद घळीतून वर चढत राहते. खाली भागीरथी खळाळत असते, दोन्ही बाजूंचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले असतात आणि घर बांधायचं म्हटलं तरी सपाट जागा सापडत नाही. मग झाला येतं (होय, गावाचं नावच 'झाला' आहे) आणि दरीचं रूप पालटतं. डोंगर बाजूला सरकतात, तळ रुंद होतो, नदी वाळूगोट्यांमध्ये फाटे फोडून निवांत वाहू लागते. पुढे हर्सिलचे देवदार आणि सफरचंदाच्या बागा दिसतात. यात्रेकरू इथे उतरून फोटो काढतात आणि जागा छान मोकळी आहे म्हणतात.

ही मोकळी जागा नदीने केलेली नाही. सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी गंगोत्रीची हिमनदी इथवर, म्हणजे आजच्या गोमुखापासून चाळीसेक किलोमीटर खाली, पोचली होती, असं इथल्या जुन्या गाळाच्या अभ्यासातून दिसतं. झाल्याच्या खाली नदीची दरी आहे आणि वर बर्फाची. भूगोलाच्या पुस्तकातली 'व्ही' आणि 'यू' आकाराची दरी एकाच रस्त्यावर एकामागून एक बघायला मिळते.

नदीची दरी 'व्ही' आकाराची का होते हे समजायला सोपं आहे. नदी फक्त तळाशी काम करते. करवतीसारखी ती एका रेषेत खाली कापत जाते आणि वरचे उतार पाऊस, दरडी यांनी ढासळत राहतात. हिमनदी मात्र या काठापासून त्या काठापर्यंत दरी भरून टाकते, त्यामुळे ती तळासोबत भिंतीही घासते. पण निव्वळ एवढ्याने 'यू' होत नाही. 'व्ही'च्या टोकाशी, अगदी खालच्या चिंचोळ्या जागेत, बर्फ दोन्हीकडून दाबला जातो आणि तिथे तो जवळजवळ अडकून बसतो. तो सर्वांत जोरात घसरतो तो तळापासून थोडं वर, उताराच्या मध्यावर. जिथे घसरणं जास्त तिथे झीज जास्त, म्हणून आधी भिंती पोखरल्या जातात, तळ रुंदावतो, आणि तो पुरेसा रुंद झाला की तिथलाही बर्फ सुटतो. १९८८ मध्ये संशोधकांनी हे गणिताने संगणकावर मांडून दाखवलं. अर्थात हर्सिलला दिसणारी सपाटी म्हणजे 'यू'चा खरा तळ नव्हे. तो नदीने नंतर आणून टाकलेल्या गोट्यांखाली गाडला गेला आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. बर्फ मऊ असतो, तांब्याच्या पैशानेही त्यावर ओरखडा उठतो. गंगोत्रीचा खडक आहे ग्रॅनाइट. मग मऊ बर्फाने ग्रॅनाइट कोरला कसा?

पहिली गोष्ट म्हणजे तो चालतो. हे माणसाला पटायला बराच काळ गेला. १८२० मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँवर चढणाऱ्या एका तुकडीतले तीन वाटाडे हिमलोटाने एका हिमभेगेत, म्हणजे बर्फातल्या खोल चिरेत, फेकले गेले. तेव्हा त्यांचे देह सापडले नाहीत. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्झने हिमनद्यांचा वेग मोजला होता. त्यावरून त्याने अंदाज बांधला, की साधारण चाळीस वर्षांनी ते खालच्या टोकाशी बाहेर येतील. १८६१ मध्ये बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी त्यांचे अवशेष बर्फातून बाहेर पडू लागले.

बर्फ दोन तऱ्हांनी चालतो. एकतर स्वतःच्या वजनाने त्याचे स्फटिक एकमेकांवरून सरकतात आणि आख्खा थर घट्ट काकवीसारखा ओघळतो. दुसरं म्हणजे तो तळावरून घसरतो. तीनशे मीटर जाडीचा बर्फ असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २७० टन भार येतो. एवढ्या दाबाखाली बर्फ शून्य अंशाच्या किंचित खालीच वितळतो आणि खडक व बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. खडकाचा उंचवटा आडवा आला, की त्याच्या चढाच्या बाजूला दाब वाढून बर्फ वितळतो, पाणी उंचवट्याला वळसा घालून पलीकडे जातं आणि तिथे दाब कमी असल्याने पुन्हा गोठतं.

खरी हत्यारं या पलीकडच्या बाजूला तयार होतात. पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, गोठतं, भेग फाकते. सुटा झालेला तुकडा बर्फाला चिकटतो आणि उपटून पुढे निघतो. आता बर्फाच्या मुठीत दगड आहे. पाट्याला टाकी लावणाऱ्या पाथरवटाचा हात काही दगडाहून कठीण नसतो, कठीण असते ती टाकी. इथे हात बर्फाचा आणि टाकी दगडाची. तळाशी धरलेले असे असंख्य दगड खडकावरून ओढले जातात, त्यावर समांतर ओरखडे काढतात आणि स्वतःही झिजून एका अंगाने सपाट होतात. झिजून निघालेलं पीठ इतकं बारीक असतं, की ते पाण्यात लवकर खाली बसत नाही. गोमुखातून बाहेर पडणारी भागीरथी राखाडी, दुधट दिसते ती या पिठामुळे. जातं अजून चालू आहे, त्याचं हे पीठ.

या दोन क्रियांमुळे खडकाचा उंचवटा एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे तुटका, पायऱ्या-पायऱ्यांचा होतो. भूगोलात त्याला मेषशिला म्हणतात. लांबून बसलेल्या मेंढीसारखा दिसतो असं म्हणतात, मला तरी मेंढी कधी दिसलेली नाही. पण उपयोग मोठा आहे. गुळगुळीत बाजू ज्या दिशेला, तिकडून बर्फ आला. तो वितळून हजारो वर्षं झाली तरी दगड दिशा सांगत राहतो.

गंगोत्री गावात मात्र माणूस फसतो. तिथे देवळाजवळच भागीरथी एका खोल, अरुंद खाचेत कोसळते आणि पाण्याने ग्रॅनाइट घोटून त्यात रांजणखळगे पाडले आहेत. मग इथे 'यू' कुठे राहिला? मान वर करायची. बर्फाची दरी वर आहे, आणि बर्फ मागे हटल्यावर नदीने तिच्या तळात नव्याने करवत चालवली ती ही खाच.

भोजबासा मागे टाकून गोमुखाशी पोचलं की आणखी एक फसगत होते. शुभ्र बर्फाऐवजी समोर दगडधोंड्यांचा ढिगारा असतो आणि त्याच्या कुशीत मळकट राखाडी बर्फाची भिंत. हा ढिगारा म्हणजे हिमोढ. हिमनदीच्या कडेने साचलेला तो पार्श्व हिमोढ, टोकाशी रचला गेलेला अंत्य हिमोढ. दोन हिमनद्या एकत्र आल्या, की त्यांच्या आतल्या कडा जुळून मधोमध काळी पट्टी तयार होते, तो मध्य हिमोढ. तपोवनाला जाताना ज्या घसरड्या उतारावर जीव मुठीत धरून चढावं लागतं, तो बव्हंशी पार्श्व हिमोढाचाच. त्याचा माथा आज हिमनदीच्या पृष्ठभागापेक्षा बराच उंच आहे. बर्फ पूर्वी तिथवर होता आणि आता खचला आहे.

वर तपोवनात समोर ६,५४३ मीटरचा शिवलिंग उभा असतो. त्याचा आकार हिमगव्हरांनी घडवला आहे. डोंगराच्या सावलीतल्या एखाद्या खळग्यात दरवर्षीचा बर्फ उरत जातो, दबून घट्ट होतो आणि एक दिवस हलू लागतो. पण सरळ खाली न घसरता तो खळग्यातल्या खळग्यात वळतो: मागच्या भिंतीशी खाली, तोंडाशी किंचित वर. त्यामुळे मागची भिंत उभी कापली जाते, मधला भाग खोल होतो आणि तोंडाशी उंबरठा राहतो. आकार होतो हात असलेल्या आरामखुर्चीसारखा. बर्फ गेला, की उंबरठ्यामागे पाणी साचून तळं बनतं. शिखरांच्या कोंडाळ्यातलं हेमकुंड अशाच जागी आहे. आणि एकाच डोंगराला तीन-चार बाजूंनी अशी गव्हरं पोखरू लागली, तर मधे उरतं ते शिवलिंगासारखं टोकदार शिंग.

हिमोढाकडे पुन्हा वळायला हवं, कारण त्याच्यात एक दोष आहे. नदी गाळ निवडते: जड गोटे आधी टाकते, वाळू पुढे, माती त्याही पुढे. बर्फ काहीच निवडत नाही. खोलीएवढा धोंडा आणि पीठ शेजारी शेजारी, कशाही पद्धतीने टाकतो. धरणाची भिंत बांधताना आपण थर दाबतो, आतला गाभा चिकणमातीचा करतो. हिमोढात यातलं काही नसतं, कधी कधी आत गाडला गेलेला बर्फही असतो आणि तो वितळला की पोकळी राहते. तरीही त्याच्यामागे पाणी साठतं.

केदारनाथ शिखराच्या उत्तरेचा बर्फ गंगोत्रीच्या बाजूला जातो आणि दक्षिणेचा चोराबारी हिमनदीत. चोराबारीचा पार्श्व हिमोढ आणि शेजारचा डोंगर यांच्या बेचक्यात एक तळं होतं, सुमारे ४०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद. त्याला बाहेर पडायला नीट वाट नव्हती, पाणी फक्त झिरपून जायचं. १५ आणि १६ जून २०१३ या दोन दिवसांतल्या चोवीस तासांत तिथल्या हवामान केंद्रावर ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. साठलेल्या हिमावर पाऊस पडल्याने तेही वितळलं. १७ जूनच्या सकाळी हिमोढ फुटला आणि तळं काही मिनिटांत रिकामं झालं. ज्या सपाटीवर देऊळ आहे, तीही याच हिमनद्यांच्या गाळाची. पाण्याने वाटेतले धोंडे उचलून गावात आणले आणि त्यांतलाच एक देवळामागे अडकला. लोक त्याला भीमशिला म्हणतात.

हिमोढ ओळखण्यात तज्ज्ञही चुकतात. हिमालयात दरडी सतत कोसळतात आणि दरडीचा ढीगही असाच न निवडलेला असतो. काराकोरममध्ये हिमोढ म्हणून नोंदलेले कित्येक ढिगारे नंतर दरडींचे निघाले. दरडीत बहुतेक करून वरच्याच एका कड्याचा खडक असतो, तर हिमोढात लांबून आलेले वेगवेगळ्या जातींचे दगड मिसळलेले सापडतात. त्यांतल्या काहींची एक बाजू घासून सपाट झालेली असते आणि तिच्यावर ओरखडे असतात. ढिगाखालच्या मूळ खडकावरही तसेच समांतर ओरखडे मिळाले, तर शंका उरत नाही.

याच खुणांवरून फ्रान्सिस फेडन या भूशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये एक नोंद प्रसिद्ध केली. चुनखडकाचा घोटलेला पृष्ठभाग, त्यावर समांतर ओरखडे आणि त्यावर मातीत रुतलेले लहानमोठे दगड. काळ साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचा, जेव्हा भारत गोंडवन खंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. जागा होती विदर्भात, चंद्रपूरच्या जवळ, इरई गावाशी. मे महिन्यात तिथला दगड हाताला चटका देतो.