शेतातलं इलेक्ट्रॉनिक्स : मोटर चालू झाली की आकडे उडतात

मागच्या भागात ठिबकच्या नियंत्रकाला वीज कुठून द्यायची ते पाहिलं. आज त्याच नियंत्रकाच्या पेटीतल्या वायरच्या टोकांबद्दल.

रावेर-यावलच्या केळीत काय किंवा शिरपूरकडच्या कपाशीत काय, तक्रार एकच ऐकू येते : मोटर बंद असताना ओलाव्याचा आकडा स्थिर असतो, मोटर सुरू झाली की उड्या मारतो. लोक सेन्सर बदलतात. आधी एवढंच करा : मोटरची लाईन मेन स्विचवरून बंद ठेवा, नियंत्रक बॅटरीवर चालवा आणि सेन्सरची वायर बोर्डाजवळ हलकेच हलवा. आकडा उडाला, तर दोष जोडात आहे. नाही उडाला, तर मोटरच्या विद्युत गोंगाटाकडे वळा.

बहुतेक पेट्यांत बर्ग स्ट्रिपवर जंपर वायर खोचलेली असते. तिला धरून ठेवते ती फक्त पिनवरची पकड. पंपाच्या थरथरीने पिन आणि टर्मिनल एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात, कथलाचा मुलामा झिजतो, त्याचा गंज मधे साचतो आणि संपर्क तुटक होतो. वायर काढून परत खोचली की काही दिवस बरं चालतं, म्हणूनच हा दोष फसवतो.

यावर स्वस्त उपाय रिलीमेट कनेक्टर. त्याच्याही पिना 2.54 मिमी अंतरावर असतात, त्यामुळे बोर्डावर त्याच्या मागच्या भिंतीला जागा असेल, तर बर्ग स्ट्रिपच्याच भोकांत तो बसतो. ती भिंत प्लगला धरते आणि उलटा घुसू देत नाही.

पण टर्मिनल नीट दाबलं नाही, तर हा खर्चही वाया जातो. त्याला पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची तांब्यासाठी, मागची वायरच्या आवरणासाठी. आवरण साधारण अडीच मिमी सोला. पुढच्या पंखांखाली आवरण गेलं तर संपर्क होत नाही. मागच्या पंखांत ते आलं नाही तर प्रत्येक हादरा थेट तांब्याच्या तारांवर येतो. साध्या पकडीने पंख नुसते चपटे होतात. रॅचेटचं क्रिंपिंग प्लायर त्यांना आत वळवून तारांत रुतवतं. वर सोल्डर ओतू नका. ते तारांमध्ये चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच वायर मोडते.

नमुन्याचा एक जोड दाबून त्याला वजन टांगा. 24 गेजच्या वायरने सव्वादोन किलो पेलायला हवं. तो नमुना मग फेकून द्या. बाकीची टर्मिनलं प्लगच्या खाचांत 'टक्' होईपर्यंत सरकवा आणि प्रत्येक वायर मागे ओढून पाहा.

रिलीमेट प्लगची दिशा सांभाळतो, वायरींचा क्रम नाही. टर्मिनल चुकीच्या खाचेत गेलं, तरी प्लग निमूटपणे बसतो. तयार मिळणाऱ्या वायरींत लाल-काळ्याचा क्रम उत्पादकागणिक उलटा निघतो. म्हणून सेन्सर जोडण्याआधी बोर्ड चालू करून वायरच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. अधिक-उणे जागेवर दिसले, तरच सेन्सर जोडा.